सिंगल चॅनल की ड्युअल चॅनल एबीएस: मागचं चाक काय म्हणतं ते आधी विचारा

भाच्याला पहिली बाइक घ्यायची होती, म्हणून त्याच्याबरोबर शोरूमला गेलो. पसंत पडलेल्या गाडीच्या पुढच्या मडगार्डवर मोठ्या अक्षरांत एबीएस लिहिलेलं. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. मी विचारलं, "सिंगल चॅनल आहे का ड्युअल?" विक्रेता क्षणभरही न थांबता म्हणाला, "सर, दोन्ही चाकांना डिस्क आहे ना, म्हणजे ड्युअलच." भाचा माझ्याकडे बघून हसला, झालं तुमचं समाधान, अशा अर्थानं. मी मोबाइलचा टॉर्च लावला, गुडघ्यावर बसलो आणि टाकीखाली डोकावलो. एबीएसचा मूठभर आकाराचा ॲल्युमिनियमचा ठोकळा दिसला. त्याला ब्रेकचे दोनच पाइप जोडलेले होते. म्हणजे गाडी सिंगल चॅनल.

विक्रेता खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. त्यालाही बहुधा तसंच सांगितलेलं असणार. पण दोन डिस्क आणि दोन चॅनल या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गाडी घेताना नेमकी इथेच फसगत होते.

चॅनल म्हणजे काय

चाकाच्या डिस्कजवळ खाचा पाडलेली एक पातळ चकती फिरत असते. तिच्यासमोरचा सेन्सर त्या खाचा मोजतो आणि त्यावरून चाकाचा वेग कळतो. ब्रेक मारल्यावर गाडीचा वेग एका मर्यादेतच कमी होऊ शकतो. चाकाचा वेग त्यापेक्षा फार झपाट्यानं पडू लागला की चाक आता जाम होणार, हे त्या ठोकळ्यातल्या कंट्रोलरला समजतं. तो आधी एक व्हॉल्व्ह बंद करून ब्रेक ऑइलचा वाढता दाब अडवतो. तेवढ्यानं भागलं नाही तर दुसरा व्हॉल्व्ह उघडून दाब थोडा सोडतो. चाक पुन्हा फिरू लागलं की दाब परत वाढवतो. हे सगळं एका सेकंदात अनेक वेळा होतं. लिव्हर किंवा पॅडलखाली जी थरथर जाणवते ती याचीच.

दाब असा कमीजास्त करण्याची एक स्वतंत्र वाट म्हणजे एक चॅनल. सिंगलमध्ये ही सोय फक्त पुढच्या ब्रेकला असते, ड्युअलमध्ये दोन्ही ब्रेकना वेगवेगळी. सिंगल चॅनलच्या गाडीत मागचा ब्रेक एबीएस नसलेल्या गाडीसारखाच चालतो. पायाला ताकद आहे तेवढा दाब पॅडवर जातो, त्याला अडवणारं मध्ये कुणी नसतं.

"सत्तर टक्के काम पुढचाच ब्रेक करतो" हे अर्धसत्य

सिंगल चॅनलच्या बाजूनं नेहमी हेच सांगितलं जातं. पुढचं चाक जाम झालं की माणूस पडतोच, त्यामुळे ते सांभाळलं की मुख्य काम झालं. पहिला भाग अगदी बरोबर आहे. एकच चॅनल परवडत असेल तर ते पुढेच हवं, याबद्दल वाद नाही. पण पुढच्या ब्रेकचा वाटा सगळीकडे सारखा नसतो, तो रस्त्याच्या पकडीवर ठरतो. रस्ता निसरडा झाला की गणित बदलतं. एकदा आकडे मांडून बघू.

समजा, गाडी १४० किलोची आणि चालवणारा ७० किलोचा, मिळून २१० किलो. उभ्या गाडीचं वजन दोन्ही चाकांवर निम्मं निम्मं, म्हणजे १०५ किलो. दोन चाकांमधलं अंतर १३० सेंटिमीटर आणि माणसासकट गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर. साध्या बाइकसाठी हे आकडे वास्तवाला धरून आहेत. ब्रेक मारला की वजन पुढे सरकतं, आणि जितकी पकड जास्त तितका ब्रेक जोरात लागून वजन जास्त सरकतं.

कोरड्या चांगल्या रस्त्यावर टायरची पकड त्याच्यावरच्या वजनाच्या ८० टक्क्यांइतकी धरू. पूर्ण ताकदीनं ब्रेक मारल्यावर पुढच्या चाकावर साधारण १८३ किलो येतात आणि मागच्यावर फक्त २७ उरतात. एवढ्या हलक्या झालेल्या चाकाला जाम करायला पायाचा थोडा दाब पुरतो.

पहिल्या पावसात डांबरावर तेल तरंगायला लागतं किंवा रस्त्यावर चिखलाचा थर बसतो, तेव्हा पकड ३० टक्क्यांवर आली असं समजू. ब्रेकच हलका लागत असल्यामुळे वजन फारसं पुढे जात नाही. पुढे १३४ किलो, मागे ७६. एकूण वजनाचा तिसरा हिस्सा मागच्या चाकावर, आणि थांबवण्याच्या ताकदीचाही तेवढाच.

ताशी ४० किलोमीटरवरून थांबायचं आहे. कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक पुरेपूर वापरले तर ब्रेक लागल्यापासून सुमारे ८ मीटर लागतात, आणि फक्त पुढचा वापरला तर १०. दोन मीटरचाच फरक. निसरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेकनी २१ मीटर लागतात, फक्त पुढच्यानं ३६. इथे फरक १५ मीटरचा आहे.

म्हणजे मागच्या ब्रेकची गरज सर्वांत जास्त असते ती निसरड्यावर, आणि तिथेच सिंगल चॅनलवाला तो दाबायला कचरतो. कचरला तर हे १५ मीटर हातचे जातात. न कचरता दाबला तर चाक जाम. जाम झालेलं चाकही घासत घासत गाडी थांबवतंच, त्यामुळे अंतर फार वाढेल असं नाही. अडचण दिशेची आहे. फिरणारा टायर गाडीला बाजूला सरकू देत नाही. घासत जाणारा टायर ज्या दिशेला सरकतो त्याच्या उलट फक्त ओढ देतो, बाजूचा आधार शून्य. रस्ता जरा एका बाजूला उतरता असेल किंवा हँडल किंचित वळलेलं असेल, तर मागचं चाक पुढच्याला मागे टाकायला निघतं.

मी कसा शिकलो

हे मला गणितातून समजलं नाही. माझी आधीची बाइक सिंगल चॅनलची होती, मागे डिस्क. मागे बायको बसलेली, नुकता भुरभुर पाऊस सुरू झालेला, वेग चाळीसच्या आसपास. पुढच्या टेम्पोनं अचानक ब्रेक मारला आणि मी दोन्ही ब्रेक दाबले. उजव्या हातात थरथर जाणवली, म्हणजे पुढचं एबीएस आपलं काम करत होतं. पायाखाली मात्र काहीच नाही, फक्त खर्रकन आवाज. गाडीचा मागचा भाग डावीकडे निघाला. मी घाबरून पायब्रेक एकदम सोडला, तसं चाकानं पुन्हा रस्ता पकडला आणि गाडीनं उलट दिशेला हिसका दिला. वेग कमी होता म्हणून दोघंही फक्त खरचटण्यावर सुटलो.

जास्त वेगात हाच हिसका माणसाला गाडीवरून उडवून टाकतो. मागचं चाक जाम होऊन गाडी तिरकी झाली असेल तर पाय एकदम काढायचा नसतो, हे मला नंतर कळलं. मागे कुणी बसलेलं असेल तर मागच्या चाकावर वजन जास्त, त्याचा ब्रेक जास्त कामाचा, आणि गाडी तिरकी झाली तर सावरणंही जास्त कठीण.

मग अडून कशासाठी बसायचं

माझं मत स्पष्ट आहे. मागे डिस्क असलेली कुठलीही बाइक घेत असाल तर ड्युअल चॅनलसाठी अडून बसा. मागे डिस्क आणि एबीएस फक्त पुढे, ही मला एबीएसवाल्या गाड्यांमधली सर्वांत विचित्र जोडी वाटते. डिस्क कमी दाबात जोरात लागते, तिला जाम व्हायला वेळ लागत नाही, आणि नेमका तिच्यावरच पहारा नाही. त्यापेक्षा मागे साधा ड्रम असलेली सिंगल चॅनल गाडी मला जास्त प्रामाणिक वाटते. ड्रम हळूहळू चावतो, पायाला अंदाज घ्यायला थोडा अवकाश मिळतो. तोही जाम होतो, पण त्यासाठी जास्त चूक करावी लागते.

एकाच मॉडेलचे दोन प्रकार असतील, एक सिंगल चॅनलचा आणि एक ड्युअलचा, तर अलॉय व्हील, मोठा डिस्प्ले किंवा नवा रंग सोडून द्या आणि ते पैसे दुसऱ्या चॅनलवर घाला. नंतर बाहेरून चॅनल बसवून घेता येईल, या भरवशावर राहू नका. ठोकळा, सेन्सर, वायरिंग आणि त्या विशिष्ट गाडीसाठी जुळवलेला प्रोग्रॅम, असा तो पूर्ण संच असतो. गॅरेजमध्ये जोडून मिळणारी ही वस्तू नाही.

सिंगल चॅनल कुणाला पुरेल? गाडी हलकी, मागे ड्रम, रोजचा प्रवास गर्दीतून तीस-चाळीसच्या वेगानं, आणि त्या वर्गात ड्युअल मिळतच नाही, अशा वेळी सिंगल घ्यायला माझी हरकत नाही. मात्र ते टाळून एबीएसच नसलेल्या गाडीकडे वळू नका. पुढचं एबीएस हा दोन्हींतला मोठा फायदा आहे आणि तो एका चॅनलमध्येही पूर्ण मिळतो.

स्कूटरचं गणित थोडं वेगळं

स्कूटरचं इंजिन मागच्या चाकापाशी, चाकं लहान, आणि दोन्ही ब्रेक हातात. पायब्रेकवाल्याच्या पायाला काही अंदाज तरी आलेला असतो. स्कूटरवर घाबरलेला माणूस दोन्ही मुठी सारख्याच आवळतो. मागचं चाक जाम झालं तरी इंजिन बंद पडत नाही, त्यामुळे चाक घासतंय हे कळायलाही उशीर होतो.

तरीही बहुतेक साध्या स्कूटरना मागे ड्रमच असतो, आणि तो तारेनं ओढला जातो. त्यात ऑइलचा दाबच नसल्यामुळे नेहमीच्या एबीएसला कमीजास्त करायला काही मिळत नाही. म्हणून मागे ड्रम असलेल्या स्कूटरमध्ये ड्युअल चॅनल मागण्यात अर्थ नाही. तिथे पुढे डिस्क आणि तिला एबीएस, एवढंच मागा. कॉम्बी ब्रेक म्हणजे एबीएस, अशी समजूत करून घेऊ नका. कॉम्बी ब्रेक एक लिव्हर दाबल्यावर दोन्ही चाकांना ब्रेक लावतो, पण कुठलंही चाक जाम होण्यापासून वाचवत नाही. मोठी, वेगवान आणि मागे डिस्क असलेली स्कूटर घेणार असाल, तर बाइकचाच नियम तिलाही लावा.

शोरूममध्ये तपासायचं कसं

पहिली नजर मागच्या चाकावर. ड्रम दिसला तर प्रश्न तिथेच मिटला, गाडी ड्युअल चॅनल नाही. डिस्क दिसली तर अजून काहीच सिद्ध झालेलं नाही.

दुसरी नजर मागच्या डिस्कजवळच्या खाचांच्या चकतीवर आणि तिच्या सेन्सरवर. ती नसेल तर मागे एबीएस नाही. पण ती असली तरी घाईनं निष्कर्ष काढू नका. काही सिंगल चॅनल गाड्यांतही मागे सेन्सर असतो. तो फक्त वेग कळवतो, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर मागचं चाक उचललं जातंय का, हे कंट्रोलरला समजावं म्हणून. मागच्या ब्रेकच्या दाबाशी त्याचा संबंध नसतो.

खरा पुरावा ठोकळ्याला जोडलेल्या पाइपांचा. गाडीनुसार तो टाकीखाली, सीटखाली किंवा बाजूच्या पॅनलमागे असतो. सापडत नसेल तर पुढच्या ब्रेकच्या लिव्हरपासून निघालेला पाइप बोटानं धरून मागे मागे जा, तो तिथेच पोचतो. सिंगलला पाइप दोन असतात, एक लिव्हरकडून येणारा आणि एक पुढच्या कॅलिपरकडे जाणारा. ड्युअलला चार, कारण मागच्या ब्रेकची अशीच जोडी त्यात भर घालते. शंका राहिली तर उलट बाजूनं या. पायब्रेकच्या सिलिंडरपासून निघालेला पाइप थेट मागच्या कॅलिपरला गेला तर गाडी सिंगल, आधी ठोकळ्यात गेला तर ड्युअल.

भाच्यानं शेवटी त्याच गाडीचा ड्युअल चॅनलचा प्रकार घेतला. बुकिंगच्या पावतीवर आम्ही मॉडेलच्या नावापुढे "ड्युअल चॅनल एबीएस" असं लिहून घेतलं, आणि गाडी ताब्यात घेताना पैसे चुकते करायच्या आधी पाइप पुन्हा मोजले. विक्रेत्यानंही आमच्याबरोबर बसून मोजले.

चालवून खात्री करायची असेल तर

चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागलाच पाहिजे. गाडी चालू लागल्यावर, अगदी कमी वेगात, तो विझायला हवा. चाकांचा वेग नीट वाचला जातोय, याची ती खूण.

मागच्या चॅनलची परीक्षा कोरड्या, स्वच्छ, सपाट आणि रिकाम्या मोकळ्या जागेतच घ्या. हेल्मेट घाला, मागे कुणाला बसवू नका, गाडी तुमची नसेल तर आधी विचारा. ताशी २५ किलोमीटरच्या आसपास सरळ रेषेत जा, क्लच दाबा, पुढच्या ब्रेकला हात लावू नका आणि पायब्रेक ठामपणे दाबा. ड्युअल चॅनल असेल तर पॅडल पायाखाली टकटक करेल आणि गाडी सरळ राहील. सिंगल असेल तर टायर किंचाळेल.

मग गाडीवरून उतरून जमीन बघा. सिंगलच्या मागे सलग काळा पट्टा उमटलेला दिसतो. ड्युअलच्या मागे काहीच नसतं किंवा तुटक पुसट ठिपके असतात. अगदी शेवटी वीतभर काळी रेघ दिसली तर घाबरू नका. गाडी जवळजवळ थांबलेली असताना एबीएस काम सोडतं, त्या शेवटच्या टप्प्यात चाक जाम होणं हा दोष नाही.

जुनी गाडी घेताना

इथे तो दिवाच सगळं सांगतो. चालवताना तो सतत लागून राहिला तर एबीएस बंद पडलेलं आहे. ब्रेक नेहमीसारखे लागतील, पण पहारा नसेल. कारण अनेकदा किरकोळ निघतं: चिखलानं माखलेला सेन्सर, किंवा टायर बदलताना टॉमीचा फटका बसून वाकलेली खाचांची चकती. पण ठोकळाच बिघडला असेल तर खर्च मोठा, म्हणून कारण शोधल्याशिवाय व्यवहार करू नका.

त्याहून वाईट म्हणजे चावी फिरवल्यावर दिवा लागतच नाही. बिघाड लपवायला कुणी त्या दिव्याची वायर तोडलेली असू शकते. आणि एक गंमत: सेंटर स्टँडवर गिअर टाकून मागचं चाक फिरवलं की दोन सेन्सरच्या गाडीत हा दिवा बऱ्याचदा पेटतो. पुढचं चाक स्थिर आणि मागचं धावतंय, हे कंट्रोलरला पटत नाही. चावी बंद करून पुन्हा सुरू केली आणि थोडं चालवलं की तो विझतो. मेकॅनिकनं नुकतीच चेन साफ केली असेल तर आधी हे करून बघा.

ब्रेक ऑइल कधी बदललं तेही विचारा. ते हवेतलं पाणी शोषतं आणि ठोकळ्यातले बारीक व्हॉल्व्ह त्यामुळे गंजतात. साधारण दर दोन वर्षांनी ते बदलायला हवं.

ड्युअल चॅनललाही जमत नाही ते

गाडी वळणात झुकलेली असताना साधं एबीएस, सिंगल असो वा ड्युअल, पुरेसं संरक्षण देत नाही. ते झुकाव मोजतच नाही. त्यासाठी झुकाव ओळखणारा वेगळा सेन्सर लागतो आणि तो महागड्या गाड्यांतच असतो. सुट्या खडीवर किंवा मऊ मातीत एबीएसमुळे थांबण्याचं अंतर वाढूही शकतं, कारण तिथे जाम चाक पुढे मातीचा ढीग रचून गाडी अडवतं. कच्च्या रस्त्यावर नियमित जाणार असाल, तर मागचं एबीएस बटणानं तात्पुरतं बंद करता येईल अशी ड्युअल चॅनल गाडी बघा. आणि वेगात असताना दोन गिअर एकदम खाली टाकून क्लच झटकन सोडलात, तर मागचं चाक इंजिनच्या ओढीनं घसरतं. तिथे एबीएस काही करू शकत नाही, कारण तो दाब ब्रेकचा नसतोच.

घरात आधीच सिंगल चॅनल गाडी असेल तर

विकायची घाई करू नका. पुढचा ब्रेक मनापासून दाबायची सवय लावा, तिथे एबीएस आहे. मागचा मात्र टाचेच्या आधारानं, पायाच्या पुढच्या भागानं, हळूहळू वाढवत दाबा. पाऊस पडून गेल्यावर एखाद्या मोकळ्या जागेत कमी वेगानं हे करून बघितलंत, तर आपल्या गाडीचं मागचं चाक नेमकं किती दाबाला आवाज करू लागतं ते पायाला कळतं. मागच्या टायरची नक्षी झिजत आली असेल तर ती पूर्ण जाईपर्यंत थांबू नका. चाक जाम झालंच आणि गाडी अजून सरळ असेल, तर क्लच दाबून पायाचा दाब किंचित कमी करा. गाडी तिरकी झाली असेल तर नजर समोर ठेवा, हँडल जिकडे जायचंय तिकडे धरा आणि गाडी थांबेपर्यंत पाय तिथेच राहू द्या.